व्हिडिओ लोक बघतात, बुकिंग मात्र सर्चमधून

बेळगावात आमचा छोटा टूरचा व्यवसाय आहे. उन्हाळी सुट्टीतल्या केरळ फॅमिली टूरचा व्हिडिओ यूट्यूबवर बघितला जातो, पण बुकिंग सगळं गुगल सर्चमधून आलेलं दिसतं. व्हिडिओ बंद करून सगळे पैसे सर्चला लावू का?

लगेच बंद करू नका. मुन्नारचा व्हिडिओ घरात डिसेंबरात बघितला जातो. मग परीक्षा कधी संपतात, आजीला घाटाचा प्रवास झेपेल का, यावर महिना-दोन महिने काथ्याकूट चालतो. शेवटी कुणीतरी गुगलवर तुमचं नाव टाकून फोन लावतं आणि सगळं श्रेय त्या शेवटच्या क्लिकला जातं.

दोन्ही जाहिरातींची वेळच वेगळी ठेवा. आपल्या राज्य मंडळाच्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुट्टी लागते. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे १५ एप्रिलला निघणाऱ्याला फेब्रुवारीच्या मध्याला ठरवावंच लागतं. व्हिडिओ डिसेंबर-जानेवारीत चालवा, सर्चचा मोठा खर्च फेब्रुवारीत करा. महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजकडे सुट्टी मे उजाडता लागते, म्हणून तिकडची मोहीम वेगळी आणि थोडी उशिरा.

आता दोन्ही जोडायचं कसं? यूट्यूब चॅनेल गुगल ॲड्सला जोडून व्हिडिओ बघणाऱ्यांची यादी बनवा, मुदत १८० दिवसांची ठेवा. 'बेळगावहून केरळ टूर' असं शोधणारा जवळजवळ तयार गिऱ्हाईक असतो, त्याला यादीत नसला तरी जाहिरात दिसू द्या. 'केरळ फॅमिली पॅकेज' या शब्दांवर मात्र मोठ्या कंपन्या बोली लावून बसलेल्या असतात. अशा शब्दांसाठी वेगळी मोहीम करून यादी Targeting या पर्यायाने लावा, म्हणजे जाहिरात फक्त व्हिडिओ बघितलेल्यांनाच दिसेल. Observation ठेवलंत तर ती सगळ्यांना दिसते आणि पैसे भुर्रकन उडतात.

कन्व्हर्जन विंडोही बघा, म्हणजे क्लिकनंतर किती दिवसांपर्यंतचं बुकिंग त्या जाहिरातीच्या नावावर धरायचं ती मुदत. ती बहुतेक ३० दिवसांवरच असते, ९० करा. नाहीतर डिसेंबरात क्लिक करून फेब्रुवारीत पैसे भरणारा हिशेबात येतच नाही.

तरी एक भोक राहतंच. व्हिडिओ मुलगी तिच्या फोनवर बघते, शोधतात वडील त्यांच्या फोनवर. यादीला हे दोघं एका घरचे आहेत हे कळत नाही. म्हणून गावं वाटून घ्या. चार आठवडे व्हिडिओ फक्त बेळगाव-खानापुरात दाखवा, निपाणी-चिकोडीत नाही, सर्च दोन्हीकडे सारखंच. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये Presence निवडा, नाहीतर बाहेरगावचे बघे मिसळतात. मग तुमच्या नावाने होणारे शोध आणि ऑफिसात येणारी चौकशी दोन्हीकडे आधीच्या महिन्याच्या तुलनेत किती बदलली ते मांडा. ऑफिसात आलेल्याला 'कुठल्या गावचे?' एवढं विचारून वहीत लिहिलं तरी पुरे. आकडे लहान असतील, चार-दोन फोनच्या फरकावर निर्णय घेऊ नका. पण बेळगाव-खानापूर जागचं हललंच नाही, तर तो व्हिडिओ खुशाल बंद करा.