जायरेटरमध्ये L येतो कुठून?

"सर, मी नाशिकला ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अंबडला इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूत दोन ऑप-अँपचा जायरेटर काढायला लावला, फॉर्म्युला पाठ होता पण L कुठून आला ते सांगता आलं नाही. अॅनालॉग सोडून आयटीकडे वळू का?"

एवढ्यावरून निर्णय नको घेऊस. आधी हे एकदा कागदावर काढ आणि ब्रेडबोर्डवर लाव, त्यात तुझा जीव रमतो का ते बघ, मग आयटीचं बोलू.

इनपुटपासून ग्राउंडपर्यंत Z1 ते Z5 एका ओळीत सीरिजमध्ये काढ. इनपुट, Z2-Z3 चा जोड आणि Z4-Z5 चा जोड हे तिन्ही ऑप-अँपच्या इनपुटला जातात, म्हणून तिथे व्होल्टेज सारखंच, V. उरलेल्या दोन जोडांवर ऑप-अँपची आउटपुट येतात. पोरं वरून सुरुवात करतात आणि अडकतात, तू खालून वर ये. Z5 मधून करंट V/Z5, ऑप-अँपचं इनपुट करंट घेत नाही म्हणजे तोच Z4 मधून आला, म्हणून Z3-Z4 जोडावर व्होल्टेज V(1 + Z4/Z5). हे V पेक्षा जास्त, त्यामुळे Z3 मधला करंट उलटा होतो, -V·Z4/(Z3·Z5). तोच Z2 मधून जातो, म्हणून Z1-Z2 जोडावर V - V·Z2·Z4/(Z3·Z5). आता Z1 मधला करंट म्हणजेच इनपुटचा करंट:

I = V·Z2·Z4/(Z1·Z3·Z5)
Zin = Z1·Z3·Z5/(Z2·Z4)

Z4 च्या जागी कपॅसिटर म्हणजे 1/sC, बाकी सगळे रेझिस्टर. कपॅसिटर भागाकारात खाली होता, त्याचा s वर आला:

Zin = s·C·R1·R3·R5/R2, म्हणून L = C·R1·R3·R5/R2

सगळे R १० किलोओहम आणि C १० नॅनोफॅरड घेतलास तर L बरोबर १ हेन्री! तारेचं वेटोळं करून एवढा इंडक्टर बनवायचा तर केवढा जड होईल बघ.

पण लॅबमध्ये हा कुठे फसतो ते इंटरव्ह्यूवाल्याला हमखास ऐकायचं असतं. फ्रिक्वेन्सी कमी झाली की Z4 वाढतो आणि वरचं V(1 + Z4/Z5) फुगत जातं. १०० हर्ट्झला Z4 साधारण १५९ किलोओहम, म्हणजे १ व्होल्ट इनपुटला आतल्या आउटपुटला जवळपास १६ व्होल्ट लागतात, तुझा सप्लाय ±१२ असेल तर ते क्लिप होणार आणि इंडक्टर इंडक्टर राहत नाही. इनपुटला मात्र ठळक काही दिसेलच असं नाही, म्हणून स्कोपचा प्रोब त्या Z3-Z4 च्या जोडावर लावायचा, माथे सपाट दिसले की समजायचं.

आणि हा एक टोक ग्राउंडलाच असलेला इंडक्टर आहे, दोन नोडच्या मध्ये तरंगता टाकता येत नाही.

ब्रेडबोर्डवर त्याच्या पॅरलल आणखी १० नॅनोफॅरड लाव, जनरेटरमधून १०० किलोओहममार्फत सिग्नल दे आणि फ्रिक्वेन्सी फिरव, १५९२ हर्ट्झच्या आसपास पीक यायला हवं. आलं किंवा नाही, स्कोपचा फोटो मला पाठव.