उचल मागायला आलेल्या माणसाला "कशाला हवेत?" विचारू नका

"दिवाळी जवळ आली की झोप उडते मॅडम. पाच माणसं आहेत कामाला. एकाला उचल दिली की दुसरा येतो, नाही म्हटलं तर काम सोडतील आणि हो म्हटलं तर पैसे परत येत नाहीत. बोनस कितीही द्या, कुणाचं ना कुणाचं तोंड वाकडंच. सगळ्यांशी सारखं वागायचं तरी कसं?"

मी समुपदेशक, गणपती उठले की मला असे फोन सुरू होतात. सलूनवाले, गॅरेजवाले, शिवणकामाचं युनिट चालवणाऱ्या बायका. बहुतेकांना माझ्याकडून "नाही कसं म्हणायचं" ते शिकायचं असतं. मला मात्र इतक्या वर्षांत दिसलंय की अडचण नाही म्हणण्यात नसतेच, ती त्याच्या आधीच्या एका प्रश्नात असते. एका ताईंची गोष्ट सांगते म्हणजे नीट कळेल (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत).

ताईंचं पुण्यात पोळीभाजी केंद्र. एक आचारी, पगार १८ हजार, मूळचा उत्तर प्रदेशातला. पोळ्या लाटणाऱ्या दोन मावशी, प्रत्येकी १२ हजार. डिलिव्हरीचा मुलगा १२ हजार आणि वरकामाला एक बाई, ९ हजार. म्हणजे महिन्याचा पगार ६३ हजार, आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी आल्या की हीच पाच माणसं रात्री नऊपर्यंत थांबणार.

पहिल्या भेटीत त्या नुसत्या रागावलेल्या होत्या. आचाऱ्याकडे २२ हजार अडकलेले, मागच्या दिवाळीला त्याच्या बोनसमधून ५ हजार कापून घेतले तर तो दोन दिवस कामालाच आला नाही, ते पण ऐन चकलीच्या दिवसांत. "मी काय चूक केली? माझेच पैसे होते ना?"

मी त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी वर्षभराची उचलीची डायरी घेऊन या.

डायरी म्हणजे काय, गॅसवाल्याचा आणि किराण्याचा हिशोब त्यातच आणि मध्येच "आचारी ३०००, गावी आई आजारी" अशी एक ओळ. तरी आम्ही बसून पानं चाळली, नावासमोर आकडे मांडले. आचारी आणि वरकामाची बाई, सगळी पानं या दोघांनीच भरलेली. डिलिव्हरीचा मुलगा एकदा. एका मावशींचं नाव दोनदा. दुसऱ्या मावशींचं एकदाही नाही.

"ह्यांना वर्षभरात कधीच लागले नाहीत?"

ताई थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "लागले होते. मुलीच्या ॲडमिशनला. पोत गहाण ठेवली त्यांनी, मला नंतर दुसरीकडून कळलं."

"तुमच्याकडे का नाही मागितले?"

"मी पण हेच विचारलं होतं. तर म्हणाल्या, ताई तुम्ही आधी विचारता कशाला हवेत, मग सगळं सांगावं लागतं, तिथे बाकीचे असतात, मला नाही जमत ते."

आणि ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काही बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकाने मध्ये पडू नये हे मी फार जपते. जरा वेळाने त्याच म्हणाल्या, "म्हणजे जो रडतो त्यालाच मी देते."

सगळं केंद्र आधीपासून ज्या नियमावर चालत होतं तो त्या दिवशी मालकिणीला दिसला. माझी सगळी पद्धतच यावर उभी आहे, माणसाला त्रास प्रसंगाचा होत नाही, प्रसंगाकडे बघताना डोक्यात जे पक्कं बसलेलं असतं त्याचा होतो. ताईंच्या डोक्यात पक्कं होतं की चांगल्या मालकिणीने प्रत्येकाची गरज ओळखून द्यायचं. ऐकायला किती छान! पण गरज ओळखायची म्हणजे कारण ऐकायचं, कारण ऐकायचं म्हणजे खरं-खोटं ठरवायचं, मग कुणाची आई जास्त आजारी ते तोलायचं. हे कुणालाच जमत नाही. कामाची माणसंही शिकतात, मोठं कारण सांगितलं की पैसे सुटतात. त्यात कुणी लबाड असावंच लागतं असं नाही. आणि जिला स्वतःचं दुःख चारचौघांत मांडता येत नाही ती पोत गहाण ठेवते.

मग मी त्यांना विचारलं, "कारण न विचारता तुम्ही किती देऊ शकता?"

पुढच्या दोन-तीन भेटी याच एका प्रश्नावर गेल्या, कारण याचं उत्तर आकड्यातच द्यावं लागतं. शेवटी ठरलं ते असं, की उचल मिळेल पण त्या तारखेपर्यंत जेवढे दिवस भरलेत त्या कमाईच्या निम्म्यापर्यंत. समजा मावशींनी २० तारखेला मागितली, तर १२ हजारातले २० दिवसांचे झाले ८ हजार, म्हणजे ४ हजारांपर्यंत मिळणार, आजारपण असो की मोबाईल घ्यायचा असो. ती पूर्ण त्याच महिन्याच्या पगारातून वळती होणार, आणि आधीची वळती झाल्याशिवाय दुसरी नाही. यात मालकाचे पैसे जवळजवळ बुडूच शकत नाहीत, कारण ती त्या माणसाने आधीच कमावलेली रक्कम आहे. ताईंना हे पटलं तेव्हा त्यांचे खांदेच खाली आले, त्या इतकी वर्षं स्वतःच्या खिशातून उपकार करतोय असं धरून चालल्या होत्या.

मोठी गरज वेगळी. दवाखाना, फी, घराचं डिपॉझिट. त्यासाठी त्यांनी २४ हजार बाजूला काढले, त्याच्या बाहेर एक रुपया नाही. एका माणसाला जास्तीत जास्त एक पगार, सहा सारखे हप्ते, व्याज नाही. म्हणजे १२ हजार घेतले तर महिन्याला २ हजार कापले जाणार. दोघांनी घेतले की पेटी रिकामी, तिसऱ्याला थांबावं लागणार, आणि त्याला तसं स्पष्ट सांगता येतं. हप्ता आणि महिन्यातली उचल मिळून पगाराच्या निम्म्यावर कपात जाऊ द्यायची नाही, कायद्याचीही साधारण तीच मर्यादा आहे, आणि ती नसती तरी निम्म्याहून कमी हातात आलेला माणूस आठवड्याभरात परत तुमच्याच दारात उभा राहतो.

इथे एक खूण सांगते. एखाद्याची उचल दर महिन्याला, त्याच सुमारास, तेवढीच, असं दिसलं तर समजा त्याचा कुठेतरी हप्ता चालू आहे, बचत गटाचा किंवा फायनान्सचा, आणि त्याची तारीख तुमच्या पगाराच्या तारखेशी जुळत नाही. वरकामाच्या बाईचं तेच निघालं. तिचा पगार दोन भागात द्यायला लागल्या, ५ ला आणि २० ला. तिची उचल बंद झाली, ती पण न बोलता.

आता बोनस. वीस किंवा जास्त माणसं असली की कायद्याने किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, साधारण एक महिन्याचा पगार. पाच माणसांच्या धंद्याला ती सक्ती नाही, आणि सक्ती नाही म्हणूनच घोळ होतो, कारण मग दर वर्षी गल्ल्यात काय आहे आणि कुणावर मन खूश आहे त्यावर आकडा ठरतो. ताईंनी आदल्या वर्षी आचाऱ्याला ५ हजार दिले (आणि कापूनही घेतले), मावशींना ३-३ हजार आणि साडी, डिलिव्हरीला तेव्हा जो मुलगा होता त्याला हजार. का, तर नीट उत्तर नव्हतं.

पूर्ण पगार त्यांना झेपत नव्हता, अर्धा झेपत होता. मग अर्धा ठरवला. दिवाळी ते दिवाळी पूर्ण वर्ष भरलं तर अर्धा महिना, कमी भरलं तर महिन्यांच्या हिशोबात. डिलिव्हरीचा मुलगा जूनला लागलेला, पाच महिने भरत होते, तर वर्षाच्या ६ हजारांतले पाच महिन्यांचे अडीच हजार. सगळ्यांचं पूर्ण वर्ष धरलं तर ३१,५०० लागतात, म्हणजे महिन्याला २,६२५. तेवढ्याचं रिकरिंग त्यांनी काढलं. झोप उडायचं निम्मं कारण तिथेच संपलं, कारण पूर्वी हे पैसे फराळाच्या कच्च्या मालाच्या पैशांतून ओढले जायचे, तूप-बेसन भरायच्या ऐन वेळेला.

सगळ्यांना सारखी रक्कम का नाही, असं त्यांनी विचारलंच. द्या की, तेही चालतं, पण आधी सांगून. सारखी रक्कम की पगाराच्या प्रमाणात यावर माणसं जेवढी चिडत नाहीत तेवढी त्या दिवशी पाकीट उघडल्यावर कळण्यावर चिडतात. ताईंनी गणपतीतच सगळ्यांना बसवून सांगितलं. आणि एखाद्याला ईदला हवा असेल तर ईदला द्यावा, नियम तोच.

दोन गोष्टी बोनसमध्ये मिसळू नका. एक म्हणजे जादा कामाचे पैसे. फराळाच्या दिवसांत रात्री नऊपर्यंत थांबवून "बोनस देतेय ना" म्हणणं हा अन्याय आहे, मी ताईंना तोंडावर सांगितलं. त्याचे तासाप्रमाणे वेगळे. दुसरं, उचलीची वसुली. आचाऱ्याच्या घरी सणाची वाट बघत असतात, तिथे त्याला रिकाम्या हाताने पाठवलं तर हिशोब बरोबर असूनही तो अपमानच होतो. त्याचे २२ हजार वेगळे लिहून काढले, महिन्याला २ हजार, दोघांच्या सह्या, बोनसला हात नाही.

आणि दिवाळीआधी पुढचा पूर्ण पगार देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. ५ नोव्हेंबरचा पगार १७ ऑक्टोबरलाच दिला की पुढचा येणार ५ डिसेंबरला, मध्ये सात आठवडे! १५ नोव्हेंबरपासून सगळे उचलीला उभे आणि मालक म्हणतो एवढं दिलं तरी पुरत नाही. झालेल्या दिवसांचे तेवढे द्या, उरलेले ठरल्या तारखेला.

आचारी छठपूजेला गावी गेला. ताईंना धाकधूक होती, अजून १४ हजार बाकी, परत येईल का? थोडा पगार रोखून ठेवू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं ज्याला जायचंय तो तेवढ्यासाठी थांबत नाही, आणि ज्याला यायचंय त्याच्या मनात मात्र ते राहतं. तो ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरा आला, ताईंनी चार दिवसांचा खाडा लावला आणि हप्ता नेहमीसारखा कापला. आणि ज्या मावशींचं नाव डायरीत कधीच नव्हतं त्यांनी जानेवारीत १२ तारखेला दोन हजार मागितले. ताईंनी लिहून घेतले आणि काढून दिले.