वेटेज सांगा, मग ग्रेड विचारा

प्रश्न: सर, सेमिस्टरच्या तिन्ही परीक्षा झाल्या. दोन बऱ्या गेल्या, शेवटची ठीकठाक. फायनल ग्रेड काय येईल?

नाही सांगता येणार. "बरी" आणि "ठीकठाक" हे मार्क नाहीत.

प्रश्न: टेस्ट 1 ला 17, टेस्ट 2 ला 13, एंड सेमला 36. वेटेज वगैरे मला माहीत नाही, मित्र म्हणतो अ‍ॅव्हरेज काढायचं असतं. तेवढं ग्रेड काढून द्या ना.

बाळा, निकालाच्या मोसमात मला येणारे निम्मे मेसेज असेच असतात, म्हणून आज एकदाच सविस्तर लिहितो आणि पुढच्यांना हेच वाचा म्हणून सांगणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, 17 कितीपैकी? तू लिहिलंच नाहीस. मी धरतो की टेस्ट 20 ची आणि एंड सेम 80 ची, कारण हा पॅटर्न बराच दिसतो. म्हणजे टक्क्यांत 85, 65 आणि 45. ग्रेडचा तक्ताही धरून चालू: 45 पासून सी, 50 पासून बी, 55 पासून बी प्लस, 60 पासून ए आणि 80 च्या वर ओ. आता बघ गंमत.

तुझ्या मित्राच्या पद्धतीने तीन टक्क्यांची सरासरी काढली तर 65, म्हणजे ए. दुसरा कोणी सगळे मार्क बेरीज करेल, 120 पैकी 66, म्हणजे 55 टक्के, बी प्लस. आता खरा नियम जर असा असेल की दोन टेस्टची सरासरी 20 पैकी धरायची आणि त्यात एंड सेमचे 80 पैकीचे मार्क मिळवायचे, तर 15 अधिक 36, 51. बी. दोन टेस्टमधली चांगली एकच धरत असतील तर 17 अधिक 36, 53, तरी बीच. पण कॉलेज ऑटोनॉमस असेल आणि इंटर्नल 40, एंड सेम 60 असं वेटेज असेल तर तेच 75 टक्के इंटर्नल 40 पैकी 30 होतं, 45 टक्के एंड सेम 60 पैकी 27 होतं, बेरीज 57, बी प्लस. आणि 50-50 असेल तर 60, थेट ए.

पेपर तेच, मार्क तेच, आणि उत्तर 51 पासून 65 पर्यंत कुठेही. मी यातलं कुठलं तुला सांगू?

वेटेज अजिबात माहीत नसताना खात्रीने एवढंच म्हणता येतं की उत्तर सगळ्यात कमी टक्क्यांच्या खाली आणि सगळ्यात जास्त टक्क्यांच्या वर जाणार नाही. तुझ्या बाबतीत 45 ते 85, म्हणजे सी पासून ओ पर्यंत. याला उत्तर म्हणायचं का ते तूच ठरव.

आणि पेपर कितीचा आणि त्याचं वेटेज किती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथे सगळे घसरतात. पेपर 100 चा लिहून घेतात आणि 60 वर आणतात, किंवा टेस्ट 30 ची घेऊन 20 वर आणतात. पेपरच्या वर डावीउजवीकडे छापलेला आकडा म्हणजे वेटेज नव्हे.

2021 आठवतंय का, आपल्या राज्य मंडळाची दहावीची परीक्षा रद्द झाली तेव्हा? पेपरच नव्हता, तरी निकाल लागला, कारण आधी वेटेज जाहीर केलं होतं: नववीच्या निकालाला 50, दहावीतल्या वर्षभराच्या लेखी मूल्यमापनाला 30, आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकाला 20. पेपर नसताना निकाल लागू शकतो, वेटेज नसताना नाही.

आता तू काय करायचंस. तुझ्या सिलॅबसच्या पीडीएफमध्ये सुरुवातीलाच "परीक्षा योजना" नावाचा तक्ता असतो, प्रत्येक विषयाची एक ओळ, त्यात टेस्ट, एंड सेम, टर्मवर्क, ओरल यांचे मार्क आणि क्रेडिट. तो तुझ्या बॅचचा काढ, सीनियरचा नको, पॅटर्न बदललेला असतो. सरासरी की बेस्ट ऑफ टू हे तक्त्याखालच्या बारीक टिपेत असतं. तिथे नसेल तर विषयाच्या सरांना विचार, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नको.

प्रश्न: मुलगा इंटर्नलचे मार्क सांगत नाही, "होतोय पास" एवढंच म्हणतो. इंटर्नल 40, फायनल 60 आहे एवढं मला कळलंय. फायनलला किती मिळाले की सुटेल?

ताई, तुम्ही वेटेज तरी शोधून काढलंत, त्याबद्दल आभार. निम्मं गणित होतं यात.

बहुतेक पालक असं धरतात की पास व्हायला 40 लागतात, इंटर्नलला 30 असतील तर फायनलला 10 मिळाले की झालं. बऱ्याच ठिकाणी हे चालत नाही, कारण प्रत्येक हेडमध्ये वेगळं पास व्हावं लागतं. 40 टक्क्यांचा नियम असेल तर इंटर्नलमध्ये 40 पैकी 16 आणि फायनलमध्ये 60 पैकी 24, दोन्ही स्वतंत्र. मग इंटर्नलला 30 असो की 38, फायनलला 24 लागणारच. आणि उलटं म्हणजे इंटर्नल 14 असेल तर फायनलला 60 पैकी 60 आणले, बेरीज 74 झाली, तरी केटी.

म्हणून मुलाला मार्क विचारू नका हवं तर, फक्त विचारा "16 च्या वर आहेस ना?" तेवढं तो सांगेल. नाहीच म्हणाला तर परीक्षा संपायची वाट न बघता क्लास टीचरना भेटा, इंटर्नलची री-टेस्ट असते ती सेमिस्टर चालू असतानाच असते. हेडवार पासिंग आहे की एकत्र, हेही तिथेच विचारून घ्या, काही ठिकाणी एकत्र धरतात.

प्रश्न: माझे ग्रेड पॉइंट 6, 9 आणि 10. बेरीज 25, भागिले 3, 8.33 येतात. मार्कशीटवर एसजीपीए 7.63 आहे. युनिव्हर्सिटीने चूक केली का? रिव्हॅल्युएशन टाकू?

टाकू नकोस, पैसे जातील. तुझ्या मार्कशीटवर ग्रेडच्या शेजारी क्रेडिटचा कॉलम आहे, तो तू वाचला नाहीस. फोटोत मला दिसतंय: 6 आलेत तो विषय 4 क्रेडिटचा, 9 वाला 3 चा, आणि 10 मिळालेत ते 1 क्रेडिटच्या लॅबला. म्हणजे 24 अधिक 27 अधिक 10, 61, भागिले 8 क्रेडिट, 7.625. बरोबर आहे.

लॅबच्या 10 वर खूश होऊन थिअरी सोडणाऱ्यांचं सगळ्यांचं हेच होतं. एक्सेलमध्ये करायचं असेल तर बी कॉलममध्ये क्रेडिट, सी मध्ये ग्रेड पॉइंट टाक आणि हे लिही:

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)/SUM(B2:B4)
```

सीजीपीएलाही हेच, फक्त विषयांच्या जागी सेमिस्टर. क्रेडिट सगळ्या सेमला सारखे असतील तरच साधी सरासरी चालते.

प्रश्न: सीजीपीए 7.63 आहे, गुणिले 9.5 केले की टक्के ना? एका ठिकाणी पैसे भरून "ऑफिशियल" कन्व्हर्जन सर्टिफिकेटही मिळतंय, घेऊ का?

घेऊ नका. ऑफिशियल सर्टिफिकेट तुमच्या युनिव्हर्सिटीच्या परीक्षा विभागातून येतं, दुकानातून नाही. रंगीत सही-शिक्क्याचा तो कागद अ‍ॅडमिशनच्या किंवा नोकरीच्या व्हेरिफिकेशनला टिकत नाही आणि मग निस्तरायला तुम्हालाच बसावं लागतं.

आणि 9.5 हा आकडा सीबीएसईच्या दहावीचा, ते सीजीपीए द्यायचे तेव्हाचा. 91 ते 100 च्या गटातल्या मुलांचे सरासरी मार्क साधारण 95 येत होते, त्याला 10 ने भागलं, 9.5 झाले. तेही फक्त अंदाजासाठी. त्याचा तुमच्या डिग्रीशी संबंध काय? तरी हा आकडा गावभर फिरतोय. प्रत्येक विद्यापीठाचं स्वतःचं सूत्र असतं, कधी पॅटर्नप्रमाणे वेगळं, ते मार्कशीटच्या मागे किंवा परिपत्रकात मिळतं. नाही मिळालं तर परीक्षा विभागात अर्ज करा, फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी नव्हे.

प्रश्न: माझा मित्र आयआयटी बॉम्बेला आहे, त्याला 62 मार्क आणि बीबी. मला 62 ला ए. कुणाचं चांगलं?

तुलना होत नाही. रिलेटिव्ह ग्रेडिंग असेल तिथे वर्गात बाकीच्यांना किती पडले यावर ग्रेड ठरतो, तेव्हा वेटेज आणि मार्क दोन्ही दिलेस तरी मी काही सांगू शकत नाही.

प्रश्न: इंटर्नलचे मार्क कॉलेजने अजून दाखवलेच नाहीत. निकाल लागल्यावर बघू म्हणतोय, चालेल ना?

नाही चालणार, आणि हे मी रागाने सांगतोय. आमच्याकडे एका मुलाचं असंच झालं, त्याचे मार्क म्हणजे वर त्या मुलाने लिहिलेत तेच धरा. 17, 13 आणि 36, नियम सरासरीचा, म्हणजे 51 यायला हवेत. निकालात आले 45, बीच्या जागी सी. पोरगा म्हणाला एंड सेमचा पेपर कडक तपासला, फोटोकॉपीचे पैसे भरले, पंधरा दिवस गेले, फोटोकॉपीत 36 च निघाले. मग कुणीतरी त्याला माझ्याकडे पाठवला.

उलटं गणित करायचं असतं. 45 मधून 36 गेले, उरले 9. इंटर्नल 15 ऐवजी 9 का? 17 भागिले 2 केलं की 8.5, वर राउंड केलं की 9. म्हणजे दुसरी टेस्ट कुणीतरी गैरहजर लावून शून्य धरली होती. हजेरीपटावर त्याची सही होती, उत्तरपत्रिका कपाटात होती, तरी एकदा निकाल जाहीर झाला की दुरुस्तीचा कागद किती टेबलांवरून फिरतो ते त्याला विचारा. ग्रेड बदलला, पण कॅम्पस इंटरव्ह्यूची यादी तोवर लागून गेली होती.

तेव्हा आत्ता जा. विषयाच्या सरांकडे टेस्टवाइज मार्क मागा, बेरीज नको, नाहीतर एक टेस्ट गायब झाली तरी कळणार नाही. तपासलेल्या टेस्टच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. इंटर्नलची यादी परीक्षा विभागाकडे जायच्या आधी नोटीस बोर्डला लावतात आणि मुलांच्या सह्या घेतात, तिथे न बघता सही करू नका. यादी लागलीच नसेल तर एचओडींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.