दीडशे मेसेजचा एक मेसेज

प्रश्न: लोहगडला जायचं म्हणून आम्हा आठ जणांची व्हॉट्सॲपवर दोन दिवस चर्चा चाललीय. दीडशे मेसेज झालेत. शेवटचा मेसेज मी टाकायचाय. कसा काढू त्यातून?

उत्तर: खालून वर वाचत जा. वरून सुरुवात केलीत तर आधी मोडीत निघालेले बेतच डोक्यात बसतात. वार, वेळ आणि जागा, तिन्हींचा शेवटचा प्रस्ताव वेगवेगळा शोधा. बहुतेकदा वार पहिल्या दिवशीच ठरलेला असतो आणि जागा पार शेवटच्या दहा मेसेजांत बदललेली असते. अंगठा दिसला की तो नेमका कुठल्या मेसेजला दिलाय तेही बघा. जुन्या प्रस्तावाला दिलेला होकार नव्याला चालत नाही.

सगळ्यात जास्त घोळ 'परवा'चा. आमच्यात एकाने गुरुवारी रात्री 12:20 ला लिहिलं, "परवा चालेल." त्याच्या मनात शनिवार, कारण तो अजून झोपला नव्हता. ग्रुपवर मात्र त्या मेसेजवर शुक्रवार लागला होता, म्हणून मी रविवार धरला. सकाळी विचारलं म्हणून वाचलो. तेव्हापासून मी वार आणि तारीख दोन्ही लिहितो. दोन्ही जुळत नसतील तर कोणीतरी लगेच ओरडतं.

वेळेचंही तसंच. "साडेसहा" म्हणजे घरातून निघायचं, भेटायचं की गाडी सुटायची? तुम्ही लोकलने मळवलीला उतरणार असाल तर भेटायची वेळ ठळक लिहा आणि लोकलची वेळ त्याच दिवसाच्या वेळापत्रकात बघून वेगळी द्या. जागेला नुसतं "शिवाजीनगर" पुरत नाही. तिथे रेल्वे स्टेशन आहे, मेट्रो आहे, आणि एसटीचं स्टँड मेट्रोच्या कामात वाकडेवाडीला गेलं तरी लोक त्याला शिवाजीनगरच म्हणतात.

मग मेसेज असा होतो:

> लोहगड, नक्की
> रविवार, 14 डिसेंबर
> भेटायचं: सकाळी 6:10
> कुठे: शिवाजीनगर रेल्वे स्टेशन, तिकीट खिडकीसमोर
> येणार: सहा जण. दोघांचा होकार बाकी, आज रात्री 9 पर्यंत कळवा.

नावं घालायची तर घाला, आमच्यात गप्प बसणारे नाव दिसलं की बोलतात. डबा कोणी आणायचा, परतीला काय, हे ठरलेलं नसेल तर या मेसेजात नको. त्यावर पुन्हा चर्चा सुरू होते आणि तारीख वाहून जाते. "कारण अमक्याला शनिवारी ऑफिस आहे" वगैरे तर अजिबात नको.

टाकल्यावर पिन करा. 24 तास, 7 दिवस, 30 दिवस असे पर्याय येतात. सहल चार दिवसांवर असेल तर 24 तास निवडू नका, आदल्या दिवशी सगळे शोधत बसतील. चूक लक्षात आली तर पंधरा मिनिटांत मेसेज सुधारता येतो. त्यानंतर बदल झाला तर "सहा नाही, साडेसहा" असं तुटक लिहू नका. वर 'बदल' लिहून पूर्ण मेसेज पुन्हा टाका, जुन्याची पिन काढा आणि नव्याला लावा.