सगळ्या कळपाला जंताचं औषध पाजू नका

तुमच्या 14 शेळ्यांपैकी एकीच्या जबड्याखाली पाण्याची मऊ पिशवी लोंबतेय, हगवण नाही, आणि सगळ्यांनाच औषध पाजू का, असं तुम्ही विचारलंत. अशा सुजेत पहिला संशय हिमॉन्कसचा. हा जंत चौथ्या पोटात बसून रक्त पितो. रक्तातलं प्रथिन घटलं की पाणी जबड्याखाली उतरतं. (यकृतातल्या चपट्या जंतानेही अशी सूज येते.)

आमच्या इंदूरकडे पावसाळ्यात दर 2 आठवड्यांनी, एरवी महिन्याने, उजेडात खालची पापणी उलटून बघा. लालभडक असेल तर औषध नको. फिकट गुलाबी किंवा पांढरी असेल तर लगेच द्या. गाभण शेळी आणि करडं असतील तर फिकटपणाची वाट बघू नका, शंका आली तरी द्या.

गेल्या श्रावणात माझ्या 22 पैकी 5 जणींनाच औषध लागलं. बाकीच्यांच्या पोटातल्या जंतांना औषध लागलेलंच नसतं, त्यामुळे त्यांच्यात औषधाने मरणारेही टिकून राहतात. त्यांची अंडी कुरणात पडत राहिली, तर औषधाला न जुमानणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने वाढत नाही. सगळ्यांना पाजलं की नेमके ते निगरगट्टच उरतात.

नवखे वजन अंदाजाने कमी धरतात, तिथेच फसतात. अर्धवट मात्रेने सगळे जंत मरत नाहीत, चिवट तेवढे उरतात. वजन करा. शेळीची मात्रा मेंढीपेक्षा बहुधा जास्त लागते, ती डॉक्टरांकडूनच घ्या. औषधाच्या दिवशी आणि 14 दिवसांनी त्याच शेळ्यांच्या लेंड्या तपासून घ्या. अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली, तर ते औषध तुमच्याकडे थकलंय.

सुजलेली शेळी मात्र आजच डॉक्टरांना दाखवा.