चालत्या डिझेल गाडीत कॉइलचा दिवा लुकलुकतो तेव्हा

प्रश्न: "माझी 2014 ची टीडीआय गाडी आहे. चालवताना मधेच मीटरमधला स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लुकलुकायला लागतो आणि पिकअप जातो. बंद करून परत चालू केली की काही वेळ ठीक. मेकॅनिक म्हणतो चारही हीटर प्लग बदला. बदलू का?"

एवढ्यात बदलू नका. आधी संध्याकाळी गाडीमागे कुणाला तरी उभं करा, ब्रेक दाबा आणि मागचे लाल दिवे नीट लागतात-विझतात का ते विचारा. मग गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या. हीटर प्लगचा नंबर त्यानंतर.

तुमच्या मेकॅनिकचा गोंधळ होण्याचं कारण समजण्यासारखं आहे. दिव्यावर चित्र हीटरच्या कॉइलचं, म्हणजे बिघाडही हीटरचाच असणार, असं कुणालाही वाटेल. पण फोक्सवॅगन गटाच्या टीडीआय गाड्यांमध्ये (स्कोडाही त्यातच आली) या एका दिव्याला दोन कामं दिलेली आहेत. चावी ऑन केल्यावर तो स्थिर पेटला तर हीटर तापतायत, थांबा. गाडी चालू असताना लुकलुकला तर ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, कुठेतरी बिघाड दिसलाय. तो बिघाड हीटरचा असू शकतो, पण बहुतेक वेळा नसतो.

आधी स्थिर दिव्याचं सांगतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापूनच डिझेल पेट घेतं. थंडीत मात्र गार लोखंड ती उष्णता शोषून घेतं, त्यात बॅटरीही मंदावलेली, त्यामुळे सेल्फ हळू फिरतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये पेन्सिलीएवढा एक हीटर प्लग बसवलेला असतो. त्याचं टोक काही सेकंदांत लालबुंद होतं, साधारण 850 अंशांच्या पुढे जातं. जुन्या 1.9 लिटर टीडीआयमध्ये इंजिनाचं तापमान 9 अंशांच्या खाली असेल तरच हे आधीचं तापवणं सुरू होतं. म्हणजे पुण्या-मुंबईत हा दिवा जेमतेम डोळा मिचकावून जातो. निफाडला जानेवारीत पहाटे, किंवा लेहला गेलात तर, तो रेंगाळलेला दिसेल. तो विझला की सेल्फ मारायचा. विझल्यावर हीटर लगेच बंद होतात असंही नाही. इंजिन चालू झाल्यावरही ते काही मिनिटं तापत राहतात, त्यामुळे पांढरा धूर आणि खडखड कमी होते.

यावरून एक सरळ हिशेब निघतो. हीटर प्लग गेला तर त्रास सकाळच्या पहिल्या स्टार्टला होणार: सेल्फ जास्त मारावा लागतो, सुरुवातीला इंजिन हलतं, पांढरा धूर येतो. गरम इंजिनावर, हायवेला, चौथ्या गिअरमध्ये हीटरला कामच नसतं. तुमचा पिकअप तिथे जात असेल, तर त्याचा दोष हीटरच्या माथी मारता येत नाही.

मग ब्रेकचे दिवे का बघायचे? ब्रेक पेडलच्या स्विचमध्ये दोन संपर्क असतात. एक मागचे दिवे लावतो, दुसरा ईसीयूला वेगळा कळवतो की पेडल दाबलंय. ईसीयू दोन्ही जुळवून बघतो, कारण ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले गेले तर त्याला डिझेल कमी करायचं असतं. एक संपर्क म्हणतो दाबलंय आणि दुसरा म्हणतो नाही, असं झालं की त्याचा विश्वास उडतो. कोड नोंदवला जातो, कॉइल लुकलुकते आणि काही गाड्यांत ताकदही कमी केली जाते. तो कोड बहुधा P0571 असतो.

आमच्याकडे अशीच एक गाडी आली होती. दुसरीकडे चारही हीटर प्लग नवे टाकून झाले होते, दिवा तसाच लुकलुकत होता. स्कॅनवर हीटरचा एकही कोड नाही, फक्त P0571. मागे जाऊन पाहिलं तर ब्रेकचे दिवे व्यवस्थित लागत होते, त्यामुळे वरवर सगळं ठीक वाटत होतं. मग स्कॅनरच्या लाईव्ह डेटामध्ये दोन्ही संपर्क शेजारी-शेजारी लावले आणि पेडल अगदी हळू दाबत गेलो. पहिला लगेच बदलला. दुसरा पेडल अर्धं खाली गेलं तरी 'दाबलेलं नाही' असंच दाखवत होता, आणि सोडल्यावर कधीकधी अडकून राहायचा. पेडलपाशी बसणारा छोटा प्लास्टिकचा स्विच बदलला, कोड पुसला, दिवा परत आला नाही. हा स्विच काही मॉडेलांत पेडलवर असतो, काहींत ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला, आणि बसवताना पेडल दाबायचं की नाही हेही मॉडेलप्रमाणे बदलतं. त्यामुळे ज्याला तुमची गाडी माहीत आहे त्याच्याकडूनच बसवून घ्या.

तुमच्या वर्णनात मात्र एक गोष्ट खटकते: बंद करून चालू केली की बरी होते. ही खूण टर्बोच्या दाबाच्या बिघाडातही दिसते. दाब ठरल्यापेक्षा वर गेला (P0234) किंवा कमी पडला (P0299) तरी ईसीयू गाडीला लंगडी करतो आणि चावी फिरवली की पुन्हा संधी देतो. घाटात किंवा ओव्हरटेक करताना, पाय पूर्ण दाबल्यावरच दिवा येत असेल तर संशय टर्बोच्या होजवर, व्हॅक्यूमच्या नळ्यांवर किंवा टर्बोच्या अडकलेल्या पात्यांवर घ्या. सिग्नलला, गावात, ब्रेक मारताना येत असेल तर स्विचवर. कोड पुसायच्या आधी त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बरेच जण आधी पुसतात आणि मग विचार करतात.

स्कॅनवर P0671 ते P0674 मधलं काही आलं तर मग हीटर. शेवटचा आकडा बहुतेक गाड्यांत सिलिंडरचा नंबर सांगतो. तेव्हाही कनेक्टर काढून मल्टिमीटरने प्लगचं टोक आणि इंजिनाची बॉडी यांच्यामधला रोध मोजा. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. बॅटरीची तार थेट लावून 'तापतो का बघू' हा जुना प्रयोग नव्या गाड्यांत नको. त्यातले प्लग 12 व्होल्टपेक्षा बऱ्याच कमी दाबावर चालतात, थेट 12 दिले तर चांगलाही जळेल.

'असू दे, बदलून टाकू' म्हणून प्लग काढण्यातही धोका आहे. वर्षानुवर्षं बसलेला प्लग काजळीने हेडमध्ये घट्ट धरलेला असतो. थंड इंजिनावर जोर लावला तर तो तुटतो आणि अर्धा आतच राहतो. मग हेड उतरवायची पाळी येऊ शकते. काढायचाच असेल तर इंजिन गरम करून, गंज सोडवणारं तेल मारून, बेताबेताने.

आणि दुसऱ्या कंपनीची गाडी असलेल्यांनी हे सगळं जसंच्या तसं लावू नका. फियाटच्या मल्टिजेट गाड्यांमध्ये हाच दिवा लुकलुकला तर अर्थ खरोखर हीटर यंत्रणेतला बिघाड असाच आहे. मॅन्युअलमध्ये दिव्यांचं पान असतं, ते एकदा काढून बघा.

तोवर गाडी चालवू शकता का? आवाज, तापमान नेहमीसारखं असेल आणि लाल दिवा कुठला नसेल तर सावकाश गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही. ओव्हरटेकच्या फंदात पडू नका, मधेच ताकद जाईल. पण मागचे ब्रेकचे दिवे लागतच नसतील, तर हायवेला नेऊच नका, मेकॅनिकला घरी बोलवा.