ग्रामसभेत मध्येच ओरडणाऱ्याला शांतपणे उत्तर देण्याची तयारी कशी करावी?

प्रश्न : आमच्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या वतीने येत्या ग्रामसभेत मला लोकजैवविविधता नोंदवहीचा मसुदा मांडायचा आहे. बोलताना लोक मध्येच ओरडतात आणि मग मला काहीच सुचत नाही. आधीपासून काय तयारी करावी?

उत्तर :

डिचोली तालुक्यातील ग्रामसभांत मी बरीच वर्षे विषय मांडत आलो आहे आणि त्या अनुभवावरून सांगतो की, ऐनवेळी सुचण्यावर विसंबून राहू नये. ग्रामसभेत कोण काय ओरडेल याचा अंदाज गावात राहणाऱ्या माणसाला बहुधा आधीच असतो. तेव्हा प्रथम शांत बसून, तुमच्या विषयावर येऊ शकतील अशी ओरडण्याची वाक्ये जशीच्या तशी, त्याच उर्मट स्वरात कागदावर उतरवा. त्यांत तीन प्रकार दिसतील : विषयाशी संबंधित खरी शंका, दुसऱ्याच विषयाची तक्रार आणि तुमच्यावरचा आरोप. तिघांनाही एकच उत्तर चालत नाही, हे लक्षात घेतले की अर्धे काम झाले.

खरी शंका म्हणजे, ‘नोंदवहीत नाव आले की आमच्या बागायतीवर बंधने येणार!’ ही भीती गोव्यात जमिनीच्या प्रत्येक विषयात असतेच आणि ती खोटी पाडण्याच्या आविर्भावात बोलू नये. येथे उत्तर थेट व छोटे हवे : ‘ही वही गावातील झाडे, बियाणी, जनावरे आणि त्यांविषयीची माहिती यांची नोंद आहे. तिच्यामुळे जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यात एक अक्षरही बदलत नाही.’ एवढे सांगून थांबावे. जैवविविधता कायदा 2002 सालचा, त्याची कलमे अशी, हे सगळे सांगू लागलात तर ऐकणाऱ्याला वाटते की तुम्ही काहीतरी लपवत आहात. उत्तर दोन श्वासांपेक्षा लांबले की दुसरा कोणीतरी त्यातील एखादा शब्द पकडतो आणि नवा वाद सुरू होतो.

दुसऱ्या विषयाची तक्रार म्हणजे, ‘आधी नळाक उदक दियात, मागीर झाडां मेजात!’ या माणसाला तुमच्या विषयाशी वैर नसते. त्याला फक्त ऐकणारे कोणी तरी हवे असते. त्याला ‘हा आजचा विषय नाही’ असे म्हटले की तो दुप्पट आवाजात ओरडतो, कारण तुम्ही त्याच्या अडचणीला क्षुल्लक ठरवलेले असते. त्याऐवजी सचिवांकडे वळून म्हणा : ‘वरच्या वाड्यावर पाणी येत नाही, ही तक्रार सचिवांनी लिहून घ्यावी, अशी मी विनंती करतो.’ आपले म्हणणे कार्यवृत्तात येणार हे दिसले की माणूस बहुतेक वेळा खाली बसतो. मात्र सचिवांशी हे आदल्या दिवशी बोलून ठेवा, नाहीतर ते पेन हातात घेत नाहीत आणि तुमचे वाक्य हवेत राहते.

आरोप सर्वांत कठीण. ‘तुका कितले पयशे मेळ्ळे?’ असे कोणी म्हटले की ‘मी एक पैसाही घेतलेला नाही’ हे वाक्य तोंडावर येते, आणि तेच टाळायचे असते. तुम्ही नाकारलेत की तो म्हणतो, ‘देवळात येऊन सांग!’ मग सभेत नोंदवही राहत नाही, फक्त तुमचे चारित्र्य उरते. उत्तर कागदाकडे न्यावे : ‘समितीच्या खर्चाची बिले पंचायत कार्यालयात आहेत, सचिवांकडे अर्ज करून कोणालाही पाहता येतील. आता मी तळीच्या नोंदींकडे येतो.’ अर्थात बिले खरोखरच तेथे आहेत आणि ती दाखवायला सचिव तयार आहेत, याची खात्री आधी करून घेतलेली असावी. जे तुम्ही तपासलेले नाही ते उत्तरात घालूच नका.

वरच्या उत्तरातील शेवटचे वाक्य नीट पाहा. त्याला मी परतीचे वाक्य म्हणतो आणि माझ्या मते तयारीतील सर्वांत उपयोगी गोष्ट तीच आहे. व्यत्ययानंतर आपण कोठे होतो हे आठवत नाही, आणि त्या दोन-चार सेकंदांच्या शांततेत दुसरा माणूस उठतो. म्हणून भाषणाच्या टिपणात प्रत्येक भागाच्या माथ्यावर, मोठ्या अक्षरांत, त्या भागाकडे परत आणणारे एक वाक्य लिहून ठेवा. वीज गेली, ध्वनिक्षेपक किंचाळला किंवा कोणाचा फोन वाजला, तरी तेच वाक्य कामाला येते.

बोलण्याचा क्रम असा ठेवा. ओरडणे सुरू झाले की वाक्य अर्धे सोडून थांबा आणि त्याला पुरे बोलू द्या. त्याच्या आवाजावर आवाज चढवलात तर ध्वनिक्षेपकामुळे तुमचाच आवाज रागीट ऐकू येतो. मग त्याच्याकडे पाहून उत्तर द्या, पण परतीचे वाक्य म्हणताना नजर सभागृहाच्या दुसऱ्या बाजूला न्या. नजर त्याच्यावरच राहिली तर ते त्याला पुढचे आमंत्रण वाटते. उत्तराची सुरुवात ‘पण’ किंवा ‘अहो’ने करू नका आणि ‘शांत बसा’ हे शब्द तर मुळीच उच्चारू नका. सभेला शिस्त लावण्याचा अधिकार अध्यक्षस्थानी असलेल्या सरपंचांचा आहे. माईक कोणाच्याही हाती देऊ नका.

भाषेचाही विचार करा. तुमचे टिपण मराठीत असले तरी ओरडणारा बहुधा कोकणीतच ओरडेल. ‘कोंकणींत उलय’ असे कोणी म्हणाले तर राजभाषा कायद्याची चर्चा सुरू करू नका. त्या माणसाला कोकणीतच सांगा : ‘तुमी म्हणटात तें हांवें आयकलें. म्हजें सोंपतकच पयली तुमकांच उलोवपाक संद दितां.’ आणि शेवटी ती संधी खरोखर त्यालाच पहिली द्या. टोमणा मारून सभेत हशा पिकवणे सोपे असते, पण ज्याच्यावर हसले जाते त्याचा अर्धा वाडा तुमच्या विषयाच्या विरोधात जातो आणि पुढची ग्रामसभाही त्याच लोकांसमोर असते.

तोच माणूस तिसऱ्यांदा उठला तर उत्तर देण्याचे काम तुमचे राहत नाही. सरपंचांशी आधी ठरवून ठेवा की तुम्ही ‘अध्यक्षांनी मार्गदर्शन करावे’ असे म्हणून थांबाल आणि तेव्हा ते हस्तक्षेप करतील. सरपंच स्वतःच त्या गटाचे असतील, किंवा अर्धी सभा एकदम उभी राहिली असेल, तर कोणतेही तयार वाक्य चालत नाही. अशा वेळी मसुदा सचिवांच्या हाती देऊन, त्यावर लेखी हरकती घ्याव्यात अशी विनंती करून खाली बसणे योग्य.

सराव आरशासमोर करू नका. घरच्या दोघा-तिघांना तुम्ही लिहिलेली ओरडण्याची वाक्ये वाटून द्या आणि त्यांनी कधी ओरडायचे ते त्यांनाच ठरवू द्या. त्यांनी ती ओरडून म्हणायला हवीत. हळू म्हटली तर छातीत धडधडत नाही आणि सरावाचा उपयोग होत नाही. तुम्ही बोलण्याचा वेग वाढवला किंवा आवाज वर गेला की त्यांनी हात वर करावा. ज्या उत्तरावर हात वारंवार वर जातो ते उत्तर अजून लांब आहे किंवा त्यात तुमचा राग शिल्लक आहे असे समजून ते पुन्हा लिहा.